पासबँडमध्ये असूनही लहर वाकडी का झाली?

"सर, १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर फिल्टरमधून काढली. तिचे १, ३ आणि ५ किलोहर्ट्झचे घटक, तिन्ही पासबँडमध्येच आहेत, तरी आउटपुट एकीकडे झुकल्यासारखं दिसतंय. सगळे म्हणतात, पासबँडमध्ये आकार बदलत नाही. आयसी खराब आहे का?"

आयसी ठीक आहे. चुकीचं आहे ते बॅचमध्ये फिरणारं वाक्य. पासबँड म्हणजे फिल्टर ज्या वारंवारता जाऊ देतो तो पट्टा; तो फक्त उंचीची हमी देतो, वेळेची नाही. आकार टिकायला सगळे घटक सारख्याच उशिराने बाहेर यावे लागतात, म्हणजे फेज वारंवारतेच्या प्रमाणात वाढावी लागते.

तुझा फिल्टर चौथ्या ऑर्डरचा चेबिशेव आहे, रिपल म्हणजे पासबँडमधला उंचीचा चढउतार १ डीबी, कटऑफ ६ किलोहर्ट्झ. गणित करून बघ: १ किलोहर्ट्झ सुमारे २७ अंश मागे पडतो. त्या हिशेबाने ३ किलोहर्ट्झ ८१ अंश मागे पडायला हवा होता, पडतो ९६. वेळेत सांगायचं तर पहिला ७५ मायक्रोसेकंद उशिरा येतो, दुसरा ८९. रिपलमुळे उंचीत थोडा फरक पडतो खरा, पण झुकाव येतो तो या १४ मायक्रोसेकंदांमुळे.

स्कोपवर लहरीचा सपाट भाग नीट बघ. नुसते वरचे हार्मोनिक्स कापले गेले असते, तर तरंग त्या भागाच्या मध्यापासून दोन्हीकडे सारखे दिसले असते. तुझ्याकडे कड चढल्यावर मोठे आहेत, पुढे विरत जातात. ही फेजची खूण.

त्याच कटऑफचा बेसेल फिल्टर लावून बघ. त्याची कड आळशी असेल, ५ किलोहर्ट्झ थोडा जास्त दबेल, पण झुकाव जवळपास जाईल.