काकू, आमचा नंबर सेव्ह करा ना!

आमच्या वहिनी दिवाळीचा फराळ करून विकतात. चकली खुसखुशीत, शंकरपाळी तोंडात विरघळणारी, त्यामुळे माल खपायची काळजी नसते. काळजी असते ती भावाचा तक्ता लोकांपर्यंत पोचवण्याची. आणि घरात वायफायचा पासवर्ड बदलता येणारा मी एकटाच असल्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलं.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट मीच करून दिली होती. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, प्रत्येकाला मेसेज खाजगी आल्यासारखा दिसतो, उत्तर फक्त वहिनींना येतं. लग्नाच्या याद्या करणाऱ्या घराण्याला याहून काय हवं? तक्ता गेला आणि सगळीकडे सामसूम. दुसऱ्या दिवशी जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "यंदा फराळ नाही का गं करत? मी बाहेर ऑर्डर दिली बाई." वहिनींनी माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही.

गोम अशी की ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यांनाच जातो. तुम्ही काकूंचा नंबर जपून ठेवलाय, याला काडीची किंमत नाही. काकूंनी तुमचा ठेवलाय का, ते बघितलं जातं. नाहीतर कोणीही उठून हजारो अनोळखी लोकांना प्लॉटच्या जाहिराती पाठवत बसला असता. नियम रास्त आहे. राग याचा येतो की मेसेज गेला नाही, हे कोणी सांगत नाही. तुमच्या फोनवर तो पाठवल्यासारखाच दिसतो.

ओळखायचं असं. ब्रॉडकास्टमधला मेसेज दाबून धरायचा आणि माहिती उघडायची. कोणी वाचला, कोणाला पोचला, अशा नावांच्या याद्या दिसतात. काकू त्यात कुठेच नसतील, तर त्यांना एकटीला साधा 'नमस्कार' पाठवायचा. त्यावर दोन टिका आल्या, म्हणजे फोन चालू आहे, नेट आहे, आणि बहुतेक नंबर तेवढा सेव्ह नाही. तिथेही एकच टिक राहिली, तर फोन बंद असेल, किंवा काकूंनी तुम्हाला ब्लॉक केलं असेल. ही दुसरी शक्यता मी वहिनींना सांगितली नाही.

मी घरोघर चौकशीला निघालो. "अरे, सेव्ह कशाला करायचा? नाव दिसतंच की!" काकूंनी फोन पुढे केला. खरंच, नंबराशेजारी एक नागमोडी रेघ आणि पुढे वहिनींचं नाव. ते नाव वहिनींनीच स्वतःच्या प्रोफाइलला दिलेलं. काकूंच्या फोनबुकात त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र नंबर सेव्ह केला होता, पण वहिनींच्या दुसऱ्या सिमचा, ज्यावर व्हॉट्सॲपच नाही. अमेरिकेतल्या भाच्याने बरोबर नंबर ठेवला होता, पण आधी +91 नव्हतं, त्यामुळे तिथल्या फोनला तो भारतातला आहे हे कळणार कसं?

मग उपाय. 'नंबर सेव्ह करा' असा मेसेज आधी मी ब्रॉडकास्टनेच पाठवणार होतो. वहिनींनी वेळीच विचारलं, तो जाणार कोणाला? तेव्हा एकेकाला वेगळा मेसेज, सोबत वहिनींचं कॉन्टॅक्ट कार्ड, म्हणजे समोरच्याला फक्त सेव्ह दाबायचं. डब्यांवरच्या लेबलवर क्यूआर कोड छापला. त्यात ही लिंक, फुल्यांच्या जागी दहा आकडी नंबर; 91 च्या आधी + नाही, नंबराच्या आधी शून्य नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

स्कॅन केलं की थेट चॅट उघडतं. पण नंबर त्याने सेव्ह होत नाही, म्हणून खाली ठळक छापलं: 'नंबर सेव्ह केलात तरच पुढचे भाव मिळतील.' फुकट काही हुकतंय म्हटल्यावर माणूस हलतो.

दादा म्हणाला, सरळ ग्रुप कर. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असा करताही येतो. पण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि आमच्या सोसायटीत एका विमा एजंटाला तेवढं पुरतं. चॅनलमध्ये नंबर लपतात, सेव्हची भानगडही नाही. पण लोकांनी आपण होऊन फॉलो करायचं आणि वेगळ्या टॅबमध्ये जाऊन बघायचं. काकू त्या टॅबमध्ये आजवर फिरकलेल्या नाहीत. भाचा म्हणे एकगठ्ठा मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर देतो. त्याने नंबरच बंद पडू शकतो, आणि ऐन दिवाळीत वहिनींचा नंबर बंद पडला असता तर मला घर सोडावं लागलं असतं.

कार्डवालाच मार्ग चालला. यंदा याद्यांत पोचलेल्यांची नावं भराभर वाढली. काकूंनीही नंबर सेव्ह केला. कुठल्या नावाने ते मी त्यांच्या फोनवर पाहिलं: 'फराळवाली, उचलू नये'. नाव काहीही चालतं, मेसेज पोचतो. त्याच संध्याकाळी दोन किलो चिवड्याची ऑर्डर आली.