‘लो कॉम्पिटिशन’ म्हणे! कोणासाठी?

"नवीन ब्लॉग आहे? कीवर्ड प्लॅनर उघडा, कॉम्पिटिशनला ‘लो’ फिल्टर लावा, चार शब्दांपेक्षा मोठे कीवर्ड घ्या, व्हॉल्यूम शून्य असेल तर सोडून द्या, एका कीवर्डला एक पोस्ट. तीन महिन्यांत पहिल्या पानावर!"

हा मेसेज तीन ग्रुपवर येऊन गेला तेव्हा मी गप्प बसले. पण माझ्या मावसबहिणीने याच्याच भरवशावर शिलाई मशीनवरचा ब्लॉग काढला, रात्री जागून अकरा पोस्ट टाकल्या आणि मग विचारते, "ताई, सगळे लो होते गं, मग एक पण क्लिक कसा नाही?" तेव्हा मात्र डोकं सटकलं.

अहो, कीवर्ड प्लॅनर हे गूगल अ‍ॅड्सचं, जाहिरात देणाऱ्यांसाठीचं टूल आहे, तो ‘लो’ आपल्यासाठी नाहीच! गूगल अ‍ॅड्सच्या हेल्प पेजवर सरळ लिहिलंय की त्या रकान्यात, त्या शब्दावर बाकीच्या शब्दांच्या मानाने किती जाहिरातदार आहेत ते दाखवतात. म्हणजे जाहिरातींची गर्दी. खालच्या फुकटच्या रिझल्टमध्ये कोण ठाण मांडून बसलंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हिची पहिली पोस्ट होती ‘शिलाई मशीनचा शोध कोणी लावला’. आता यावर जाहिरात देऊन कोण काय विकणार? म्हणून लो. पण सर्च करून बघा, विकिपीडिया आणि मोठमोठे ज्ञानकोश रांगेत उभे आहेत, कालच्या ब्लॉगला तिथे कोण विचारतंय. आणि याच्या उलटही होतं, दुकानदार जाहिराती ओततात म्हणून ‘हाय’ दिसतं आणि खाली नीट उत्तर देणारं एकही पान नसतं.

खरी कॉम्पिटिशन बघायची तर इनकॉग्निटोमध्ये सर्च करून पहिले दहा रिझल्ट उघडून वाचावे लागतात, कंटाळा आला तरी. आम्ही दोघींनी ‘शिवायला सुरुवात करताना धागा खाली गुंततो’ टाकून बघितलं. एका कंपनीचं मॅन्युअल, ज्यात याला दोन ओळी. दोन फोरम थ्रेड, दोन्हीत "टेन्शन बघा" एवढंच. बाकीची पानं धागा तुटण्याबद्दल, म्हणजे प्रश्नच वेगळा. आता हिला माहितीये की फक्त सुरुवातीच्या टाक्यांना गुंतत असेल तर बहुतेक वेळा धाग्यांची टोकं मागे धरून ठेवलेली नसतात, आणि पूर्ण शिलाईभर खाली लूप पडत असतील तर वरचा धागा टेन्शन डिस्कमध्ये नीट बसलेला नसतो, कारण ओवताना प्रेसर फूट खाली होता. हा फरक त्या दहांपैकी एकाही पानावर नव्हता. जागा अशी दिसते, फिल्टर लावून नाही. फक्त फोरम दिसला की लगेच खूश होऊ नका, हल्ली गूगल फोरम मुद्दामच वर दाखवतं. थ्रेड उघडा, आत पूर्ण उत्तर असेल तर तो कीवर्ड सोडा.

चार शब्दांचं म्हणाल तर ठीक आहे, अर्धं खरंय. लांब प्रश्न सहसा कमी लोक विचारतात आणि त्यावर मोठ्या साइट्स स्वतंत्र पान करत नाहीत. पण अशा कमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना लाँग टेल म्हणतात ते मागणीच्या आलेखाची शेपटी म्हणून, शब्द मोजायचे नसतात. ‘शिलाई मशीनचा शोध कोणी लावला’ हेही पाच शब्दांचं होतं की!

व्हॉल्यूम म्हणजे टूलच्या अंदाजाने महिन्याला किती सर्च होतात तो आकडा, आणि शून्य व्हॉल्यूमवाला सल्ला तर सगळ्यात नुकसानीचा, कारण नवीन ब्लॉगला मिळण्यासारखं जे काही असतं ते बरंचसं तिथेच असतं. गूगल स्वतःच सांगतं की रोजच्या सर्चपैकी साधारण १५ टक्के आधी कधीच न झालेले असतात, मग टूलकडे त्यांचा आकडा येणार कुठून? शून्य म्हणजे टूलकडे माहिती नाही. सर्च बॉक्समध्ये अर्धं वाक्य टाइप करून थांबा, खाली सूचना आली तर लोक ते विचारतायत, कारण त्या सूचना खऱ्या सर्चवरूनच येतात. न आली तरी कोणी विचारत नाही असं मात्र समजू नका.

एका कीवर्डला एक पोस्ट, हेही नको. ‘धागा गुंततो’ आणि ‘धागा खाली गोळा होतो’ दोन्ही सर्च केलं तर सात पानं तीच निघाली, म्हणजे गूगलच्या लेखी प्रश्न एकच. हिने दोन पोस्ट केल्या होत्या, त्या आपापसातच भांडत बसल्या असत्या. एकत्र केल्या.

तीन महिन्यांच्या गॅरंटीवर काय बोलायचं, ती कोणीच देऊ शकत नाही. आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये आधी इंप्रेशन येतात, म्हणजे पान रिझल्टमध्ये नुसतं दिसतं, क्लिक नंतर. परवा त्या एकत्र केलेल्या पोस्टला थोडी इंप्रेशन दिसली, सरासरी पोझिशन ३४, आणि क्वेरीच्या यादीत एक ओळ अशी जी आम्ही कुठेच लिहिली नव्हती: ‘नवीन सुई लावल्यावर धागा गुंततो’. सुई उलटी बसली तर काय होतं त्याचे फोटो ती आज काढतेय.