मांजरीच्या पिल्लाला जंताचं औषध देऊनही लूज मोशन का? एका रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

रिव्ह्यू (१ स्टार): "४५ दिवसांचं पिल्लू नेलं, शी टेस्ट निगेटिव्ह सांगितली, डीवर्मिंग केलं. दुसऱ्याच दिवशी शीतून जिवंत जंत! आठवड्यात लूज मोशन, परत टेस्ट, आता म्हणे कॉक्सिडिया. पहिली टेस्ट खोटी की औषध बोगस?"

नमस्कार ताई, पिल्लाची काळजी वाटणं साहजिक आहे, म्हणून नीट सविस्तर लिहिते, पिल्लं घरी आणणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

शी टेस्टमध्ये आम्ही मायक्रोस्कोपखाली जंत शोधत नाही, त्यांची अंडी शोधतो. मांजरीच्या पिल्लांना गोल जंत बहुतेक वेळा आईच्या दुधातून येतात, आई वरून ठणठणीत दिसत असली तरी तिच्या अंगात अळ्या दबून असतात आणि पिल्लू अंगावर प्यायला लागलं की त्या दुधात उतरतात. तिथून मोठं होऊन अंडी घालेपर्यंत जंताला साधारण ७ आठवडे लागतात. तुमचं पिल्लू ४५ दिवसांचं, म्हणजे पोटात जंत आहेत पण अंडी अजून नाहीत, मग टेस्ट निगेटिव्हच येणार. म्हणूनच या वयात टेस्ट काहीही येवो आम्ही जंताचं औषध देतोच.

आणि दुसऱ्या दिवशी जंत पडला ही औषध लागू पडल्याची खूण आहे. आपण दिलं ते पायरँटेल, ते जंताला लुळा करतं, त्याची आतड्यावरची पकड सुटते आणि तो शीबरोबर बाहेर येतो, कधी वळवळतानाही दिसतो. बघायला किळसवाणं वाटतं, मान्य, पण तो बाहेर पडला हेच हवं होतं. फक्त हे औषध आतड्यातल्या जंतांवरच चालतं. पिल्लाने बाहेरून अंडी गिळली असतील तर त्यातल्या अळ्या आधी लिव्हर आणि फुफ्फुसातून फिरतात, खोकल्याबरोबर घशात येतात, परत गिळल्या जातात आणि मग आतड्यात पोचतात, तोवर त्यांना औषध लागतच नाही. म्हणून एका डोसवर काम भागत नाही. ३ आठवड्यांच्या वयापासून दर १५ दिवसांनी, दूध सुटल्यावर अजून २ आठवडे होईपर्यंत, मग ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि पिल्लांची आई सोबत असेल तर तिलाही. डोस दर वेळी वजन करूनच, कारण या वयात १५ दिवसांत वजन खूप बदलतं, मागच्या वेळेइतकंच औषध घरी पाजू नका.

आता लूज मोशन. कॉक्सिडिया हा जंत नाहीच, तो आतड्याच्या आतल्या पेशींमध्ये वाढणारा एकपेशीय जीव आहे, पायरँटेलचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. पोटात गेल्यापासून त्याची अंडी शीत दिसायला आठवडा ते ११ दिवस लागतात आणि जुलाब कधीकधी त्याच्याही आधी सुरू होतात. म्हणजे तो बहुतेक तुमच्याकडे यायच्या आधीच पोटात गेलेला होता, पहिल्या दिवशी दिसण्यासारखं काही नव्हतं, आठवड्याने दिसलं. त्यात आई सुटली, घर बदललं, खाणं बदललं, या ताणात तो उसळतो. नुसतं खाणं बदलल्यानेही या वयात शी पातळ होते, गाईच्या दुधाने तर हमखास, म्हणून आम्ही आधी टेस्ट केली आणि मगच कॉक्सिडियावरचं औषध टोल्ट्राझुरिल दिलं, अंदाजाने अँटिबायोटिक सुरू केलं नाही.

औषधाइतकंच लिटर बॉक्सकडे बघा. कॉक्सिडियाची अंडी शीतून पडतात तेव्हा लगेच लागण करत नाहीत, उबेत १-२ दिवसांत तयार होतात, म्हणून शी पडली की लगेच उचलायची, दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही. ब्लीच किंवा फिनाईलने ती मरत नाहीत, ट्रे धुऊन त्यावर उकळतं पाणी ओता. पिल्लाची मागची बाजू ओल्या कपड्याने पुसत जा, नाहीतर अंग चाटताना तेच परत पोटात जातं. मांजरांचा हा कॉक्सिडिया माणसांना होत नाही, गोल जंताची अंडी मात्र माणसाच्या पोटात गेली तर त्रास देऊ शकतात, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर हात धुण्यात हयगय नको.

मागच्या भेटीला पिल्लू खेळत होतं, खात होतं, वजनही वाढलेलं होतं, म्हणून सलाईनची गरज वाटली नाही. पण खाणं बंद झालं, उलट्या झाल्या, शीत रक्त दिसलं किंवा पिल्लू गळून पडून राहिलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच तासाला घेऊन या, एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी फार पटकन कमी होतं आणि असे जुलाब पार्व्हो विषाणूचेही असू शकतात.

औषधाचा कोर्स झाला की आठवड्याने ताजी शी, त्याच दिवशीची, स्वच्छ डबीत आणा, परत तपासू. जंताचा पुढचा डोस पहिल्यापासून १५ दिवसांनीच आहे, शी घट्ट झाली म्हणून तो चुकवू नका.