हळद शुक्रवारी, डोळे शनिवारी

लग्नसराईत सकाळी सातला पार्लरची बेल वाजली, की मी चहाचा कप झाकून ठेवते. दारात नवरी नसते, करवली असते. आणि तिला मी दिसत नसते.

"काकू, डोळं उघडंना झालंय ओ."

राजारामपुरीच्या त्या करवलीच्या दोन्ही पापण्या पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी कुठल्याशा पार्लरात लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापणीच्या केसाकेसाला गोंदाने चिकटवलेले खोटे केस; शुक्रवारी हळदीत नाच, शनिवारी हे. सोबत आलेल्या मंडळींनी निकाल आधीच लावला होता: आत्याच्या मते हळद भेसळीची, आईच्या मते दृष्ट, भावाच्या मते रात्रीचा तांबडा रस्सा. गोंदावर कुणाचाच संशय नाही, कारण "ते तर परवा लावलंय की!"

गोंदाची हीच लबाडी. त्याची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांनी उगवते, म्हणजे बिल देऊन, फोटो टाकून झाल्यावर. लावतानाच डोळे चुरचुरले, पाणी आलं, पांढरा भाग लाल झाला आणि दिवसभरात निवळला, तर तो बहुधा गोंदाच्या वाफेचा नाहीतर डोळ्याखालच्या पट्टीचा त्रास. पापण्यांनाच खाज, दोन्हीकडे सूज, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त, ही अ‍ॅलर्जी. एकदा जडली की सहसा जात नाही.

एक्स्टेन्शनचा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तुटलेल्या चपलेचा अंगठा क्षणात चिकटवणारी ट्यूब याच कुळातली. (म्हणून ती ट्यूब डोळ्याला लावायची नसते, हे सांगावं लागतं, यावरून माझी गिऱ्हाइकं ओळखा.) 'सेन्सिटिव्ह' लिहिलेल्या बाटलीला वाफ कमी असते आणि ती सावकाश सुकते, एवढंच. वाफेने डोळे झोंबणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र नाही: पाटलांचा थोरला नको म्हणून धाकटा बोलावला, तरी घरात पाटीलच येणार.

आईने तोवर अर्धी वाटी खोबरेल चोळलं होतं. ते पट्टीच्या, म्हणजे अख्खी रांग एकदम चिकटवायच्या लॅशेसवर चालतं. कापसावर घेऊन मिटलेल्या पापणीवर मिनिटभर धरायचं, मग बाहेरच्या कोपऱ्यापासून नाकाकडे पट्टी हलकेच सोडवायची. एक्स्टेन्शनचा सुकलेला गोंद मात्र तेलाला असा लगेच दाद देत नाही. चोळल्याने निघाले काय, तर तिचेच चार केस. पापणीचा केस परत यायला साधारण दोन महिने लागतात, आणि वरचेवर उपटला तर मूळच रुसून बसतं.

कातडी फुटली नव्हती, दिसायला धूसर नव्हतं, उजेड खुपत नव्हता, म्हणून मी हात घातला. यातलं एक जरी असतं, तरी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. रिमूव्हर घेतला तो क्रीमचा; पातळ असला की वाहत डोळ्यात जातो. खालच्या पापणीचे केस जेलच्या पट्टीखाली दाबले आणि डोळे शेवटपर्यंत मिटून ठेवायला बजावलं. क्रीम लावलं ते फक्त सांध्यावर, कातडीपासून जरा दूर. पाच मिनिटं थांबून चिमट्याने एक लॅश हलकेच सरकवून पाहिली. पापणीची कातडी तंबूसारखी वर आली. म्हणजे गोंद अजून धरून आहे. इथे ओढलं की अस्सल केस गेलाच. आणखी तीन मिनिटं थांबले, मग लॅशेस आपोआप घसरल्या. क्रीम ब्रशने केसांच्या टोकाकडे पुसून काढलं आणि नंतर साध्या पाण्याने डोळे धुतले.

"आता उद्यापुरती साधी पट्टी लावा की!"

पट्टीचा गोंद वेगळा असतो, हे खरं. पण त्यात बऱ्याचदा रबराचं लेटेक्स असतं, आणि फुगा फुगवला की हिचे ओठ खाजतात, ही बातमी आईने तेव्हाच दिली. मग लेटेक्स नसलेला गोंद हवा. तोही आधी कानामागे ठिपकाभर लावून दोन दिवस बघायचा. शनिवार सकाळ अधिक दोन दिवस म्हणजे सोमवार, अक्षता रविवारी. हा हिशेब मी तीनदा करून दाखवला, तरी आत्या म्हणाल्या, "जरा लवकर नाही व्हायचं?"

मग तिला डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी औषध लिहून दिलं. घरातली जुनी स्टेरॉइडची ट्यूब मी आत्यांच्या पिशवीतून आधीच काढून घेतली होती. थंड पाण्याच्या घड्या सांगितल्या. सूज उतरेपर्यंत काजळ, मस्करा बंद.

रविवारी करवली कलश घेऊन उभी राहिली ती काळा गॉगल लावून. सोमवारी तिच्या दोन मावसबहिणी पार्लरात आल्या. त्यांना गॉगल कुठून घेतला ते हवं होतं.