खिडकी नसलेल्या खोलीतले झाड

पणजीतील ज्या कार्यालयात मी हिशेब लिहितो, तेथे जानेवारीत माझे टेबल तळमजल्यावरच्या एका खोलीत हलवण्यात आले. खोलीला दार आहे, पंखा आहे, छताला दोन ट्यूबलाइट आहेत आणि फायलींचे चार रॅक आहेत, खिडकी नाही. बाहेर मांडवीवर ऊन चमकत असते की पाऊस कोसळत असतो, हे मला जेवणाच्या सुट्टीत आत येणाऱ्यांच्या छत्र्यांवरून कळते. अशा खोलीत काहीतरी हिरवे असावे असे वाटणे हा माझ्या मते गुन्हा नव्हे. मात्र पुढच्या नऊ महिन्यांत माझ्या हातून जे घडले, त्याला दुसरा शब्द सापडत नाही.

पहिला बळी मनी प्लांट. घरच्या बाल्कनीत तो कोणाचीही पर्वा न करता वाढत होता, म्हणून त्याची एक फांदी आणून मी चहाच्या एका जुन्या मगात माती घालून लावली. मगाला खाली भोक नसते, हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ काय होतो, हे ठाऊक नव्हते. महिनाभर तो छान दिसला. दुसऱ्या महिन्यात त्याला नवे पान आले आणि मी ते सगळ्या विभागाला दाखवले. त्या पानावर पिवळे पट्टे नव्हते, ते जुन्या पानांच्या निम्मे होते आणि दोन पानांमधली दांडी बोटभर लांब झाली होती. मला ही प्रगती वाटली. उजेड कमी पडला की झाड आहे तेवढे बळ दांडी लांबवण्यात घालते, कुठेतरी प्रकाश सापडेल या आशेवर. आणि पट्टे जातात, कारण पानाच्या पांढऱ्या-पिवळ्या भागात हरितद्रव्य फारच थोडे असते आणि अंधारात तेवढी चैन परवडत नाही. म्हणजे ज्याला मी बाळसे समजत होतो, ती उपासमार होती. मे महिन्यात एके दिवशी समोरच्या टेबलावरचा सहकारी मगात डोकावून म्हणाला, "हें मेलां मरे!" आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागला.

त्यानंतर मी शहाणपणाने वागायचे ठरवले आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो. तेथे रोपे विकणाऱ्या बाईंना मी खोलीचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी एका झाडाकडे बोट दाखवले. जाड दांड्यांवर दोन्ही बाजूंना चकचकीत, गडद हिरवी पाने, इतकी नीटनेटकी की आधी मला ते प्लास्टिकचेच वाटले. नर्सरीवाले त्याला झेड-झेड म्हणतात. "ह्या झाडाक वोत नाका, उदक नाका. हें मरचें ना, बाब," बाई म्हणाल्या, आणि वर ते हवा शुद्ध करते, असेही सांगून त्यांनी पन्नास रुपये जास्त घेतले.

हवेचे आधी उरकून टाकतो. ही समजूत 1989 साली नासाने केलेल्या एका प्रयोगावरून पसरली आहे; त्यात झाडे लहानशा बंद पेट्यांत ठेवली होती आणि त्या पेट्यांतले काही वायू खरोखरच कमी झाले होते. आमचे कार्यालय पेटी नाही. दार दिवसातून दोनशे वेळा उघडते आणि प्रत्येक वेळी जेवढी हवा बदलते, तेवढे काम कुंड्यांकडून होण्यासाठी खोलीत मला बसायला जागा उरणार नाही इतक्या कुंड्या लागतील.

पण बाईंचे बाकीचे बोलणे निम्मे तरी खरे होते. झेड-झेड मूळचे पूर्व आफ्रिकेतले, जेथे पावसानंतर दीर्घ कोरडा काळ असतो. म्हणून ते जमिनीखाली बटाट्यासारखे कंद करते, त्यांत पाणी साठवते आणि महिनोन्‌महिने त्यावर काढते. मनी प्लांट, पीस लिली, अॅग्लोनेमा आणि हे झेड-झेड ही सगळी आपल्या अळूच्या कुळातली मंडळी आहेत. (कच्चे अळू जिभेला खाजवते तशी हीदेखील खाजवतात, म्हणून घरी रांगते मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.) या कुळातली पुष्कळ झाडे मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाढणारी, म्हणून सावलीची सवय असलेली. आपल्या कुळागरात माडा-पोफळींखाली अळू कसे माजते, ते आठवा. माझी चूक येथेच झाली: कुळागरातली सावली आणि आमच्या खोलीतली सावली मी एकच धरली.

डोळा या बाबतीत पक्का खोटारडा आहे. तो अंधाराला पाच मिनिटांत सरावतो आणि उजेड पुरेसा आहे, असे कळवतो. पुढे मी मोबाइलवर प्रकाश मोजायचे अॅप घेतले आणि पाने जेथे असतात तेथे तो आडवा धरला. टेबलावर 180 लक्स आले, फायलींच्या रॅकवर 40. त्याच दिवशी संध्याकाळी घरच्या बाल्कनीत, थेट ऊन नसलेल्या कोपऱ्यात, आकडा चार हजारांच्या पुढे होता. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, हे मान्य; पण 180 आणि 4000 यांतला फरक समजायला काटेकोरपणा लागत नाही.

हिशेब माझा व्यवसाय असल्याने तो येथेही केला. सावली सोसणाऱ्या झाडाला नुसते टिकून राहायला साधारण 500 लक्स रोज बारा तास मिळावेत असे धरले, तर ते 6000 लक्स-तास होतात. माझ्या टेबलावर 180 लक्स आठ तास, म्हणजे 1440. शनिवार-रविवारचा संपूर्ण काळोख धरला, तर सरासरी हजारावर येते. गरजेचा सहावा हिस्सा. झाड श्वसनासाठी रोज काही खर्च करतच असते, उजेड असो वा नसो. कमाई त्याहून कमी पडली की फरक ते साठ्यातून भरून काढते. मनी प्लांटचा साठा तोकडा, म्हणून तो चार महिन्यांत संपला. झेड-झेडची पुंजी कंदांत असते, म्हणून ते वर्षभरही हिरवेगार दिसू शकते. ते तग धरते आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात ते भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढत असते.

माझ्या झेड-झेडला मात्र हा निधी संपवायची संधीही मिळाली नाही. जून महिन्यात मी ते प्लास्टिकच्या, भोके असलेल्या कुंडीत टेबलावर ठेवले आणि दर सोमवारी पेलाभर पाणी घालू लागलो. जे झाड अंधारात काम करत नाही, ते पाणीही पीत नाही. त्यातून गोव्याचा पावसाळा, जेव्हा टेबलाच्या खणातले कागददेखील ओलसर लागतात. अशा खोलीत झेड-झेडला दीड-दोन महिन्यांतून एकदा पाणी पुरते. जुलैत कुंडीवर बारीक काळी चिलटे उडू लागली, जी सतत ओल्या मातीतच होतात. मी ती डासांच्या खात्यावर टाकली. मग खालची पाने पिवळी पडली. पाणी कमी पडल्यास झेड-झेडची पाने कडक राहून सुकतात व दांडी सुरकुतते. पाणी जास्त झाल्यास दांडी बुडाशी मऊ होते. माझ्या झाडाची दांडी बुडाशी पिकलेल्या केळ्यासारखी झाली होती. पिवळेपणा पाहून मी सोमवारबरोबर गुरुवारीही पाणी घालू लागलो.

चवथीची सुट्टी संपवून परतलो, तेव्हा सर्व दांड्या चारी दिशांना आडव्या झाल्या होत्या. कुंडी उपडी केली तर सडलेल्या सुरणासारखा वास आला आणि कंद बोटाने दाबताच फुटला. आमचा वयस्कर शिपाई हळहळला. "म्हाका दिसता, ताका उदक उणें पडलें, सायबा," तो म्हणाला, आणि तेव्हा उघड झाले की रोज संध्याकाळी माझ्या बाटलीत उरलेले पाणी तो कुंडीत ओतत असे. झाडलोट करणाऱ्या बाईही सकाळी ओतत असत, कारण झाड एकटे वाटत होते. एका कुंडीची काळजी तिघांनी स्वतंत्रपणे घेतली होती आणि तिघांचाही हेतू निर्मळ होता.

आता नव्या झेड-झेडच्या कुंडीत अगरबत्तीची एक जळलेली काडी खोचलेली असते. ती तळापर्यंत जाते. बाहेर काढल्यावर तिला माती चिकटली किंवा ती गार लागली तर पाणी नाही, कोरडी आली तर भरपूर पाणी, खालून वाहून जाईपर्यंत, आणि ताटलीत साचलेले फेकून द्यायचे. शेजारी चिठ्ठी आहे: 'पाणी फक्त मी घालीन.' शिपाई त्या चिठ्ठीकडे दुखावल्या नजरेने बघतो.

उजेडासाठी नऊ वॉटचा साधा पांढरा एलईडी बल्ब टेबललॅम्पमध्ये बसवून पानांपासून वीतभर वर आणला. तेथे दीड हजार लक्सच्या आसपास आकडा येतो. जांभळ्या उजेडाचा महागडा दिवा घ्यायचे कारण नाही. अंतर मात्र जपावे लागते, कारण बल्ब दुप्पट दूर नेला की उजेड जवळपास चौथाई होतो. टायमरवर तो रोज बारा तास जळतो, सुट्टीच्या दिवशीही, आणि महिन्याला सव्वातीन युनिट वीज खातो. त्याच्या बदल्यात झेड-झेडने तीन महिन्यांत एक कोंब दिला. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणाऱ्याने दोडका लावावा.

घरच्या न्हाणीघरात खिडकी नाही, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी तेथेही एक झाड सुचवले. ओलावा आहे, फर्न छान होईल, असे त्यांचे म्हणणे. पण ओलावा म्हणजे उजेड नव्हे. न्हाणीघरातला दिवा दिवसाकाठी जेमतेम तासभर लागतो आणि तेवढ्यावर फर्नच काय, शेवाळदेखील संसार मांडणार नाही. म्हणून तेथे आम्ही जोडीची पद्धत ठेवली आहे: अॅग्लोनेमाच्या दोन सारख्या कुंड्या, एक आठवडाभर न्हाणीघरात, दुसरी तेवढा वेळ आणि शक्यतो त्याहून अधिक बाल्कनीच्या सावलीत. अंधारातून आलेली कुंडी उन्हात ठेवायची नाही; मी एकदा ठेवली आणि दुपारपर्यंत पानांवर इस्त्री विसरल्यासारखे फिकट तपकिरी डाग पडले, जे शेवटपर्यंत गेले नाहीत.

गेल्या महिन्यात मला वरून एक मेमो आला. कार्यालयीन वेळेनंतर व सुट्टीच्या दिवशी तळमजल्यावर दिवा चालू असल्याचे निदर्शनास आले असून त्याचा खुलासा तीन दिवसांत करावा, असे त्यात होते. मी लक्स-तासांच्या तक्त्यासह दीड पानी खुलासा दिला आणि सव्वातीन युनिटांचे पैसे स्वतः भरण्याची तयारी दर्शवली. परवा तो कागद परत आला. समासात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: 'पाहिले. माझ्या केबिनमधील झाडाची पाने पिवळी पडत आहेत. समक्ष बोलावे, काडी घेऊन यावे.'