हिरो-हिरॉइनची पहिली टक्कर आणि अर्धा नाइटसूट

कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये धडक, पुस्तकं खाली, दोघं एकदम वाकतात, नजरानजर. हा सीन आला की मी चहा टाकायला उठते. कारण तिथे त्या दोघांच्या जागी कुणीही उभं केलं तरी सीन तसाच होईल. पुस्तकं कुणाचीही पडतात हो!

याउलट १९३८ चा 'ब्लूबिअर्ड्स एट्थ वाइफ' घ्या. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच, लिहिणाऱ्यांत बिली वाइल्डर. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं एक मोठं दुकान, गॅरी कूपर हा अमेरिकन कोट्यधीश, त्याला नाइटसूटचा फक्त वरचा शर्ट हवाय, कारण खालचा पायजमा तो घालतच नाही, मग त्याचे पैसे का द्यायचे? सेल्समन हादरतो, वरच्या साहेबाला विचारतो, तो आणखी वरच्याला, असं करत फोन थेट झोपलेल्या मालकाला जातो. मालक साफ नकार देतो, आणि पलंगावरून उठतो तर स्वतःच्याही अंगात नुसता शर्ट! (हा सीन बघून मी एकटीच हसत बसले होते.)

आता एवढा वेळ हिरॉइनचा पत्ता नाही. हट्ट चालू, दुकान अडलेलं, आणि मग क्लॉदेत कोल्बेर येऊन म्हणते, पायजमा मी घेते. झालं, सौदा जमला. पण खरी मेख पुढेच आहे. हिला पुरुषाचा पायजमा कशाला? घरी कोण आहे? हा प्रश्न त्याला पडतो तसा आपल्यालाही पडतो, आणि त्यामुळे ती दुकानातून गेली तरी भेट संपत नाही. नंतर हॉटेलात एका कडक्या उमरावाच्या अंगावर तोच पायजमा दिसतो, तो निघतो तिचा बाप, आणि गाडी पुढे सरकते.

म्हणजे योगायोग आहेच, पण तो येतो कधी, तर माणसाचा स्वभाव पुरता कळल्यावर. हा पैशाला चिकट आणि हेका न सोडणारा, ती चटकन तोडगा काढणारी आणि स्वतःबद्दल काही न सांगणारी, पुढची सगळी भांडणं याच्यातूनच येतात. पिक्चर नंतर बराच ढेपाळतो असं माझं मत, त्याची आधीची सात लग्नं वगैरे प्रकरण ओढूनताणून वाटतं, पण दुकान कुणी विसरत नाही.

आपल्याकडे 'मुंबई-पुणे-मुंबई'त (२०१०) हीच युक्ती जरा उलटी आहे. मुक्ता बर्वे पुण्याला येते तीच मुलाला नकार द्यायच्या तयारीने, आणि स्वप्नील जोशी भेटतो तो रस्त्यावरचा अनोळखी, आगाऊ पुणेकर म्हणून. तिला इम्प्रेस करायचंच नाहीये त्यामुळे ती बिनधास्त भांडते, आणि तो नक्की कोण हे पिक्चर शेवटपर्यंत दाबून ठेवतो. नावंसुद्धा कळत नाहीत दोघांची, आणि गंमत म्हणजे बघताना आपलं काही अडतही नाही.