सात दिवसांचा ऑप्शन की पंचेचाळीसचा?

वाचकाची प्रतिक्रिया : "लेख पटला नाही. थीटा शेवटच्या आठवड्यात सर्वांत जोरात पळतो हे तुम्हीच लिहिता आणि पुन्हा ४५ दिवस आधी विकायला सांगता. सहा आठवडे पैसा अडकवण्यापेक्षा दर आठवड्याला विकलं तर अडीचपट प्रीमियम मिळतो. गॅमाची भीती उगाच घालता."

अडीचपटीचा तुमचा हिशेब बरोबर आहे, पण गॅमाही तेवढाच अडीचपट होतो आणि तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही. आकडे मांडूनच बोलू. भाव १०००, अस्थिरता २० टक्के, व्याज शून्य धरू आणि १००० च्याच स्ट्राइकचा स्ट्रॅडल विकू. ४५ दिवसांच्या एक्स्पायरीचे साधारण ५६ अंक मिळतात आणि पहिल्या दिवशी ०.६२ अंक झडतात. ७ दिवसांच्याचे २२ मिळतात, झडतात १.५८. दोन्हींत दिवसभरात भाव साधारण साडेदहा अंक हलला की त्या दिवसाचा थीटा संपला. म्हणजे बाजार तुम्हाला जास्त थीटा फुकट देत नाही, जास्त गॅमाची ती किंमत आहे.

मग फरक कुठे पडतो? विकल्यानंतर लगेच भाव ३० अंकांनी पडून ९७० झाला असं समजा. ४५ दिवसांचा स्ट्रॅडल ६० वर जातो. तोटा ४ अंक, मिळालेल्या प्रीमियमच्या सात-आठ टक्के. ७ दिवसांचा ३४ वर जातो. तोटा १२, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रीमियम गेला. आता त्या ३४ मध्ये ३० अंक तर अंतर्गत मूल्यच आहे, ते काही झडणार नाही. झडायला उरले ४. तिकडे ६० मध्ये अजून ३० अंक झडायचे आहेत. भाव ९७० लाच बसून राहिला आणि दोन्ही पोझिशन एक्स्पायरीपर्यंत धरल्या, तर ४५ दिवसांच्यात २६ अंक सुटतात आणि साप्ताहिकात ८ अंकांचा तोटा होतो. तोच भाव, तीच घसरण. एकाला सावरायला जागा आहे, दुसऱ्याला नाही. अशी घसरण सहा आठवड्यांत एकदा आली तर बाकीचे आठवडे ती भरून काढतील हे मान्य. पण दोनतीनदा आली, आणि मध्ये तुम्ही घाबरून स्ट्राइक सरकवलात, तर अडीचपट प्रीमियम कागदावरच राहतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शेवटी कड्यावरून कोसळणारा थीटाचा तो प्रसिद्ध आलेख अॅट द मनी ऑप्शनचा आहे. बहुतेक विक्रेते विकतात लांबचा स्ट्राइक. वरच्याच उदाहरणात ९३० चा पुट घ्या, डेल्टा साधारण १४. ४५ दिवस असताना त्याचे ५.३ अंक मिळतात. भाव जागचा हलला नाही तर २१ दिवस उरतात तेव्हा तो १.३ अंकांवर आलेला असतो. चोवीस दिवसांत जवळपास तीन चतुर्थांश प्रीमियम संपला. अॅट द मनीचा तेवढ्याच काळात जेमतेम ३२ टक्के झडतो. म्हणजे लांबच्या स्ट्राइकची मलई आधीच निघून जाते. उरलेल्या १.३ अंकांसाठी आणखी तीन आठवडे थांबायचं, आणि मध्ये भाव ९३० कडे सरकला तर वाढलेला गॅमा अंगावर घ्यायचा, हा सौदा मला परवडत नाही. २१ दिवसांच्या आसपास पोझिशन बंद करायची पद्धत पडली ती यातूनच. ४५ दिवसांना विकून शेवटपर्यंत धरणाऱ्याने निम्मीच पद्धत उचललेली असते, कारण शेवटी त्याच्या हातात तुमचा साप्ताहिक ऑप्शनच उरतो.

मग ९० दिवस का नको, असं कोणी विचारेल. तिथे गॅमा आणखी सौम्य असतो, पण वेगा बोकांडी बसतो. ९० दिवसांचा स्ट्रॅडल ७९ अंकांचा, थीटा रोजचा ०.४४. अस्थिरता २० वरून २५ झाली तर जवळपास २० अंकांचा फटका, म्हणजे ४५ दिवसांची कमाई गेली. ४५ दिवसांच्यालाही अशा वेळी १४ अंक लागतात, तो काही सुटत नाही. फक्त ते साधारण बावीस दिवसांच्या थीटाएवढे असतात. (प्रत्यक्षात लांबच्या एक्स्पायरीची अस्थिरता जवळच्याइतकी उसळत नाही, त्यामुळे ९० दिवसांचा फटका कागदावर दिसतो त्याहून थोडा कमी बसतो.)

४५ या आकड्यात जादू नाही. ३८ किंवा ५२ नेही काम होतं. तुमचा एक आक्षेप मात्र खरा ठरू शकतो. तुमच्या बाजारात दीड महिन्यावरच्या एक्स्पायरीत उलाढालच नसेल, आणि त्या ९३० च्या पुटच्या खरेदी-विक्रीच्या भावात एक अंकाचं अंतर असेल, तर आत शिरताना आणि बाहेर पडताना मिळून ५.३ पैकी एखादा अंक तिथेच जातो. अशा ठिकाणी मी ३० दिवसांच्या, भरपूर उलाढालीच्या एक्स्पायरीत विकेन आणि दहाबारा दिवस उरले की बाहेर पडेन.